रद्द केलेल्या कामाच्या खुणा

चुकीच्या अंदाजावर केलेलं काम प्रोसेसर पुसून टाकतो, तर मग गुपित बाहेर जातं कुठून? प्रोसेसर-सुरक्षेच्या परीक्षेत हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारता येतो आणि उत्तर लिहिताना गाडी अडते ती बहुधा एकाच जागी. स्पेक्युलेटिव्ह एक्झिक्युशनची व्याख्या पाठ असते, ‘स्पेक्टर’ हे नाव माहीत असतं, ‘कॅशमधून माहिती गळते’ हे वाक्यही लिहून होतं. पण कॅशमध्ये काय ठेवलंय ते कुणाला थेट वाचता येत नाही. मग ती कॅश चोराला नेमकं सांगते तरी काय? खरे गुण या एका पायरीला आहेत.

ती पायरी समजून घ्यायची तर आधी प्रोसेसरची घाई समजून घ्यावी लागते. ३ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरचा एक ठोका नॅनोसेकंदाच्या एक तृतीयांश इतका असतो. दोन संख्यांची बेरीज एका ठोक्यात होते. मात्र एखादी संख्या मुख्य मेमरीतून, म्हणजे रॅममधून, आणायची झाली तर दोनशेच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त ठोके वाट पाहावी लागते. म्हणून प्रोसेसरच्या पोटातच कॅश नावाची छोटी, वेगवान साठवण असते. अलीकडे वापरलेली माहिती तिथे ठेवली जाते आणि सर्वांत जवळच्या कॅशमधून ती चार-पाच ठोक्यांत हाती येते. रॅममधून एक बाइट मागितला तरी त्याच्या शेजारपाजाऱ्यांसह ६४ बाइटांचा एक तुकडा कॅशमध्ये येऊन बसतो. त्या तुकड्याला कॅश लाइन म्हणतात.

कॅश असूनही वाट पाहण्याची वेळ येतेच. समजा प्रोग्राममध्ये ‘अमुक असेल तर हे कर’ अशी अट आहे आणि अटीतली संख्या अजून रॅममधून यायची आहे. दोनशे ठोके हातावर हात धरून बसणं प्रोसेसरला परवडत नाही. ही अट मागच्या काही वेळांना खरी ठरली होती की खोटी, याची नोंद त्याच्याकडे असते. तिच्यावरून तो अंदाज बांधतो आणि पुढचं काम सुरू करतो. अंदाज बरोबर निघाला तर वेळ वाचला. चुकला तर आगाऊ केलेली आकडेमोड रद्द होते, रजिस्टरांतली मूल्यं होती तशी होतात आणि गाडी योग्य वाटेने पुन्हा निघते. प्रोग्रामला याचा पत्ताही लागत नाही. इंटेलच्या प्रोसेसरांत ही पद्धत १९९५ च्या पेंटियम प्रोपासून रुळली आणि आज मोबाइलपासून सर्व्हरपर्यंत जवळपास प्रत्येक वेगवान प्रोसेसर याच पद्धतीने चालतो.

रद्द करताना एक गोष्ट मात्र रद्द होत नाही. आगाऊ कामासाठी रॅममधून जी कॅश लाइन आणली गेली, ती कॅशमध्येच राहते. हा निष्काळजीपणा नव्हता. कॅशमध्ये काय आहे यावर कुठल्याही प्रोग्रामचं उत्तर अवलंबून नसतं, फक्त उत्तर मिळायला लागणारा वेळ अवलंबून असतो. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी वचन दिलं होतं ते उत्तराबद्दल. वेळेबद्दल त्यांनी कधी काही कबूलच केलं नव्हतं, त्यामुळे कॅश जुन्या स्थितीत नेण्याचा खटाटोप करण्याचं त्यांना कारण दिसलं नाही.

वेळेवरून गुपित ओळखता येतं, हे त्याआधीही ठाऊक होतं. १९९६ मध्ये पॉल कोचर यांनी दाखवलं की सांकेतिक गणित करायला संगणकाला किती वेळ लागला हे बारकाईने मोजलं, तर त्यातली गुप्त किल्ली शोधता येते. २००५ मध्ये डॅनियल बर्नस्टाइन यांनी एईएस या सांकेतिक पद्धतीची किल्ली कॅशमुळे पडणाऱ्या वेळेच्या फरकावरून काढून दाखवली. २०१४ मध्ये युवाल यारोम आणि कॅट्रिना फॉकनर यांनी ‘फ्लश अँड रिलोड’ नावाचं सुटसुटीत तंत्र मांडलं: दोन प्रोग्रामांत सामाईक असलेली एक जागा कॅशमधून मुद्दाम काढून टाकायची, थोडं थांबायचं आणि मग ती वाचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पटकन आली तर मधल्या काळात दुसऱ्या कुणीतरी तिला हात लावलेला आहे.

हे सगळे हल्ले एका अर्थाने पाहुणचारावर जगत होते. समोरचा प्रोग्राम स्वतःहून जे काम करील, त्याच्याच खुणा वाचता येत. प्रोग्रामने जे कधी केलंच नाही, जे त्याच्या अटीने स्पष्ट अडवलं होतं, त्याच्या खुणा उमटवता येतील, हा विचार २०१७ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे आकाराला आला. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटातले यान हॉर्न हे एक, आणि पुन्हा तेच पॉल कोचर व त्यांचे सहकारी हे दुसरे. हॉर्न यांनी १ जून २०१७ रोजी इंटेल, एएमडी आणि आर्म यांना कळवलं. सात महिने गुप्तता पाळली गेली. ९ जानेवारी २०१८ ला सगळं जाहीर करायचं ठरलं होतं, पण बातमी फुटू लागल्यामुळे ३ जानेवारीलाच जगाला ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ ही दोन नावं कळली.

स्पेक्टरच्या शोधनिबंधाला प्रात्यक्षिकाचा एक छोटा प्रोग्राम जोडलेला आहे. विषय समजून घ्यायला त्याच्याइतकं सोपं साधन दुसरं नाही. त्याच्या मध्यभागी या तीन ओळी आहेत:

```c
if (x < array1_size) {
    temp &= array2[array1[x] * 512];
}
```

या ओळींत चूक शोधायला गेलं तर सापडत नाही. `array1` या यादीची मर्यादा सोळा घरांची आहे. `x` सोळापेक्षा कमी आहे ना, हे आधी तपासलं जातं आणि मगच त्या घरातला बाइट वाचला जातो. त्या बाइटला ५१२ ने गुणून जे येईल, `array2` मधल्या तितकाव्या जागेला हात लावला जातो. `x` मध्ये भलतीच मोठी संख्या दिली तर अट खोटी ठरते आणि आतली ओळ चालत नाही. नियमाने पाहिलं तर दार बंद आहे.

आता याच संगणकाच्या मेमरीत थोड्या अंतरावर एक गुप्त वाक्य ठेवलेलं आहे. निबंधाच्या लेखकांनी त्यासाठी १९९४ मध्ये आरएसए-१२९ हे कोडं फुटलं तेव्हा त्यातून निघालेलं प्रसिद्ध इंग्रजी वाक्य निवडलं. थट्टा जाणकारांना पुरती कळावी अशी सोय. त्या वाक्याचं पहिलं अक्षर `T`, म्हणजे संगणकाच्या लेखी ८४. हा ८४ आकडा अट न मोडता बाहेर काढायचा आहे.

पहिलं काम अंदाज बिघडवण्याचं. हल्ला करणारा आधी पाच वेळा `x` ची बिनधोक किंमत देतो, सोळाच्या आतली. पाचही वेळा अट खरी ठरते आणि ‘इथे अट खरीच असते’ अशी प्रोसेसरची समजूत होते. सहाव्या वेळी `x` मध्ये अशी संख्या दिली जाते की `array1` च्या सुरुवातीपासून तितकं अंतर मोजलं तर बरोबर त्या गुप्त `T` वर बोट पडावं. पाच साळसूद आणि एक लबाड, असा हा फेरा पुनःपुन्हा चालतो. निबंधकर्त्यांनी यात एक खबरदारी घेतली आहे. या वेळी साळसूद `x` द्यायचा की लबाड, हे ठरवण्यासाठी त्यांनी ‘जर-तर’ची अट वापरलीच नाही, ते काम बिटांच्या आकडेमोडीने केलं. आणखी एखादी अट घातली असती तर तिच्यावरून प्रोसेसरला चाहूल लागून त्याचा अंदाज सुधारण्याची भीती होती.

दुसरं काम प्रोसेसरला घाईला लावण्याचं. सोळा हा आकडा `array1_size` मध्ये आहे. प्रत्येक वेळी अटीपाशी येण्याआधी तो `clflush` या आज्ञेने कॅशमधून बाहेर काढला जातो. त्यामुळे अट तपासायला लागणारा आकडा रॅममधून येईपर्यंत शेकडो ठोके जातात, आणि तेवढ्या वेळात प्रोसेसर अंदाजाच्या भरवशावर पुढे सुटतो. तो लबाड `x` घेऊन गुप्त बाइट वाचतो, ८४ हाती येतो, त्याला ५१२ ने गुणतो आणि `array2` मधल्या ४३,००८ व्या जागेला हात लावतो. तेवढ्यात `array1_size` येऊन पोचतो. अट खोटी होती हे उघड होतं आणि सगळं रद्द होतं. `temp` मध्ये काही उरत नाही, ८४ कुठल्या रजिस्टरात सापडत नाही. उरते ती एक कॅश लाइन: `array2` चा ४३,००८ वा बाइट जिच्यात आहे ती.

अडलेली गाडी इथे सुटते. कॅशमध्ये गुपित उरलेलं आहे असं म्हणून भागत नाही. गुप्त आकड्याने कुणालाही वाचता येणाऱ्या `array2` मधली एक जागा निवडली, आणि ती निवड कॅशमध्ये दिसते. एखाद्या सरकारी कचेरीत साहेबांची सही व्हायच्या आत शिपायाने गोपनीय कागद उघडावा, त्यात ८४ क्रमांक दिसला म्हणून ८४ नंबरचं सार्वजनिक रजिस्टर तळघरातून टेबलावर आणून ठेवावं, आणि मग साहेबांनी परवानगी नाकारावी, असा हा प्रकार आहे. गोपनीय कागद कुणाच्या हाती लागत नाही. पण कुणी एकेक करून सगळी सार्वजनिक रजिस्टरं मागितली, तर ८४ नंबरचं झटकन मिळतं आणि बाकीच्यांसाठी तळघरात जावं लागतं.

शेवटचं काम म्हणजे ही मागणी. एका बाइटात ० ते २५५ इतक्याच किमती असू शकतात. म्हणून `array2` मधल्या २५६ जागा, प्रत्येकी ५१२ बाइटांच्या अंतरावर, एकेक वाचायच्या आणि किती ठोके लागले ते `rdtscp` या आज्ञेने मोजायचं. प्रात्यक्षिकात ८० ठोक्यांची रेघ आखली आहे. तिच्या आत जी जागा आली ती कॅशमध्ये होती असं धरायचं. २५६ पैकी ८४ वी जागा लवकर येते, बाकीच्या रेंगाळतात. ५१२ चं अंतर का ठेवलं, हेही आता लक्षात येईल: शेजारच्या दोन जागा एकाच ६४ बाइटांच्या लाइनमध्ये पडल्या असत्या तर ८४ की ८५ हे ओळखताच आलं नसतं.

ऐकायला हे सरळ वाटतं, पण मोजणाराच इथे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ शकतो. जागा ०, १, २ अशा ओळीने वाचत गेलं तर प्रोसेसर चाल ओळखतो आणि पुढच्या जागा मागण्याआधीच कॅशमध्ये आणून ठेवतो. मग सगळ्याच जागा पटकन मिळतात आणि मोजमाप वाया जातं. म्हणून प्रात्यक्षिकात जागांचा क्रम विस्कटलेला आहे: दर वेळी क्रमांकाला १६७ ने गुणायचं, १३ मिळवायचे आणि २५५ च्या आत आणायचं. प्रत्येक जागा एकदाच येते, पण चाल ओळखू येत नाही. दुसरी अडचण पाच साळसूद फेऱ्यांची. त्यांनीही `array2` मधली एक जागा खरोखरच कॅशमध्ये आणलेली असते, तेव्हा तिला हिशेबातून वगळावं लागतं. शिवाय संगणकावर इतर कामं चालूच असतात आणि त्यांच्यामुळे एखादी भलतीच जागा लवकर आल्यासारखी दिसते. त्यावर उपाय मतमोजणीचा. एकाच बाइटासाठी हाच प्रकार हजार वेळांपर्यंत करायचा, लवकर येणाऱ्या प्रत्येक जागेला एक मत द्यायचं, आणि पहिल्या क्रमांकाची मतं दुसऱ्याच्या दुपटीहून पाच तरी जास्त झाली की निकाल पक्का समजायचा. एक बाइट मिळाला की `x` एकाने वाढवून पुढच्या अक्षराकडे वळायचं.

या प्रात्यक्षिकात प्रोग्राम स्वतःचीच मेमरी चोरतो, त्यामुळे कुणी ‘मग बिघडलं काय’ असं विचारू शकेल. बिघडतं ते एकाच प्रोग्रामच्या पोटात परक्यांना जागा दिलेली असते तेव्हा. ब्राउझर हे ठळक उदाहरण. एखाद्या संकेतस्थळाची जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या आतच चालते, आणि तिला दुसऱ्या संकेतस्थळाचं काही दिसू नये म्हणून वरच्यासारख्याच अटी घातलेल्या असतात. निबंधकर्त्यांनी जावास्क्रिप्टमधूनही हा हल्ला करून दाखवला. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा हे दुसरं ठिकाण: तोही वापरणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर अट तपासून यादी वाचत असतो, आणि तिथे वरच्या तीन ओळींसारखा तुकडा सापडला तर गाभ्याच्या मेमरीला पाय फुटतात.

तरी हा हल्ला सर्वशक्तिमान नाही. समोरच्या प्रोग्रामात योग्य आकाराचा तुकडा असावा लागतो, `x` हल्लेखोराच्या हातात असावा लागतो, उमटलेली खूण मोजायला जागा आणि पुरेसं बारीक घड्याळ लागतं. यातलं एक जरी नसलं तरी काम अडतं किंवा कमालीचं रेंगाळतं. ग्राझ इथल्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये समोरच्या संगणकावर स्वतःचा प्रोग्राम न चालवता, फक्त नेटवर्कवरून हा हल्ला करून पाहिला. कॅशच्या वाटेने त्यांना तासाला १५ बिट मिळाले. म्हणजे एका अक्षरासाठी अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ.

उत्तरपत्रिकेत सर्वांत जास्त घोळ होतो तो स्पेक्टर आणि मेल्टडाउन यांच्यात. खूण वाचण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे, खूण उमटते त्याचं कारण वेगळं. मेल्टडाउनमध्ये अटीचा अंदाज बिघडवावा लागत नाही. हल्लेखोर स्वतःच ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला बाइट सरळ वाचायला जातो. याला परवानगी नाही, हे प्रोसेसरला कळतं आणि तो काम रद्दही करतो, पण इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत परवानगीचा निकाल लागू होण्याआधीच तो बाइट पुढच्या आज्ञांच्या हाती गेलेला असतो. एएमडीचे प्रोसेसर यातून सुटले. मेल्टडाउन ही त्या विशिष्ट बनावटीतली उणीव होती, म्हणून तिच्यावर नेमका इलाज निघाला: प्रोग्राम चालू असताना गाभ्याची मेमरी त्याच्या नकाशावर जवळपास ठेवायचीच नाही. स्पेक्टर मात्र अंदाज बांधण्याच्या पद्धतीवरच बेतलेला असल्याने इंटेल, एएमडी, आर्म सगळ्यांनाच लागू पडला.

स्पेक्टरच्या या प्रकारावरचा सर्वांत भाबडा उपाय म्हणजे अटीनंतर `lfence` ही आज्ञा घालणं. ती प्रोसेसरला सांगते की आधीचं संपल्याशिवाय पुढे जायचं नाही. उपाय चालतो, पण प्रत्येक अटीनंतर घातला तर ज्या वेगासाठी हा सगळा खटाटोप आहे तो वेगच हातचा जातो. लिनक्सने निवडक जागी वापरलेला उपाय जास्त चतुर आहे:

```c
if (x < array1_size) {
    x = array_index_nospec(x, array1_size);
    temp &= array2[array1[x] * 512];
}
```

मधली ओळ ‘जर-तर’ न वापरता निव्वळ आकडेमोडीने `x` ला चाप लावते. `x` मर्यादेत असेल तर तो तसाच राहतो, बाहेर असेल तर शून्य होतो. वरवर पाहता ही तपासणी दुसऱ्यांदा केल्यासारखी वाटते. पण अटीचा निकाल प्रोसेसर अंदाजाने धरू शकतो, तर या आकडेमोडीला `array1_size` चा खरा आकडा लागतो, आणि तो येईपर्यंत तिला थांबावंच लागतं. आकडा आल्यावर लबाड `x` चं शून्य झालेलं असतं, आणि आगाऊ वाचन झालंच तर ते `array1` च्या पहिल्या, निरुपद्रवी घराचं होतं. अडचण एवढीच की असे धोक्याचे तुकडे लाखो ओळींतून शोधून काढावे लागतात आणि एखादा नजरेतून निसटतोही.

ब्राउझरवाल्यांनी दोन्ही टोकांकडून बंदोबस्त केला. फायरफॉक्सने जानेवारी २०१८ मध्येच जावास्क्रिप्टला मिळणाऱ्या घड्याळाचा बारकावा २० मायक्रोसेकंदांपर्यंत भरड केला आणि ज्या सोयीतून स्वतःचं बारीक घड्याळ बनवता येत होतं तीही बंद केली. याने खूण उमटायची थांबत नाही, फक्त वाचणाऱ्याची नजर अधू होते, आणि पुष्कळ वेळा मोजून ती कमतरता काही अंशी भरून काढता येते. क्रोमने त्याच वर्षी अधिक खर्चिक पण जास्त भक्कम वाट धरली. वेगवेगळ्या संकेतस्थळांना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये बसवलं. एका संकेतस्थळाच्या जावास्क्रिप्टने आपल्या प्रोसेसची सगळी मेमरी वाचली तरी दुसऱ्याचं गुपित तिथे नसतंच. त्यापायी मेमरी जास्त लागते, ही तक्रार वापरणाऱ्यांनी तेव्हापासून केली आहे आणि ती खोटी नाही.

आपल्या संगणकाची स्थिती काय आहे हे लिनक्सवर कुणालाही पाहता येतं:

```
cat /sys/devices/system/cpu/vulnerabilities/spectre_v1
```

याचं उत्तर बहुधा `Mitigation:` या शब्दाने सुरू होतं आणि पुढे कोणते उपाय लागू आहेत ते येतं. त्याच ठिकाणच्या `meltdown` या फाइलमध्ये एएमडीच्या संगणकावर `Not affected` असं दिसेल, तर इंटेलच्या जुन्या संगणकावर `Mitigation: PTI`. २०१८ च्या सुरुवातीला या फोल्डरमध्ये `meltdown`, `spectre_v1` आणि `spectre_v2` अशा तीनच फाइली होत्या. नंतर त्यात `l1tf` आली, २०१९ मध्ये `mds`, २०२२ मध्ये `retbleed`, आणि २०२३ मध्ये ‘डाउनफॉल’ जाहीर झाल्यावर `gather_data_sampling`.